प्लेग्रुपच्या टीचरना दिलेली झोपेची चिठ्ठी: सहा-सात महिन्यांच्या वापरानंतर

आमची लेक जूनमध्ये प्लेग्रुपला जायला लागली तेव्हा वीस महिन्यांची होती. आम्ही पुण्यात राहतो, दोघंही नोकरी करतो. साडेनऊ ते साडेबारा प्लेग्रुप आणि पुढे चारपर्यंत तिथलंच पाळणाघर. सव्वाबाराला जेवण आणि एक वाजता सगळ्या मुलांची झोप, असा तिथला शिरस्ता. प्रवेशाच्या फॉर्मवर 'मूल दुपारी झोपते का? हो / नाही' इतकीच चौकट होती. आम्ही 'हो'वर खूण केली. त्या 'हो'मधून कोणाला काहीच कळत नाही हे पहिल्या पंधरवड्यातच दिसलं. मग आम्ही अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून दिली. ती अजून वापरात आहे, मध्ये दोनदा बदललीही. बऱ्याच जणींनी 'नक्की काय लिहिलंस?' म्हणून विचारलं, म्हणून हा सविस्तर अनुभव.

अडचण साधी होती. मनू (हे घरचं नाव) पहाटे सव्वासहाला उठते. दीड-दोन वर्षांचं मूल दुपारी एकदाच झोपत असेल, तर सकाळी उठल्यापासून साधारण पाच-सहा तास नीट जागं राहू शकतं. म्हणजे मनूची गाडी पावणेबाराच्या सुमाराला संपायची आणि शाळेत झोप एक वाजता. हा मधला सव्वा तास सगळा गोंधळ करायचा. कधी वरणभाताच्या ताटलीवर पेंगायची, कधी शेजारच्या मुलाच्या दंडाला चावायची. टीचरचा निरोप मात्र वेगळाच यायचा: 'आज तिला झोपच नव्हती, किती मस्ती करत होती!' आणि संध्याकाळी रिक्षात बसल्या बसल्या मान टाकायची. मग रात्री साडेदहापर्यंत टक्क जागी.

दमलेलं मूल गप्प होतं, डोळे मिटायला लागतं, असं आपण धरून चालतो. लहान मुलांत एका मर्यादेपलीकडे उलटंच होतं. झोपेची वेळ उलटून गेली की शरीर जागं ठेवणारी संप्रेरकं सोडतं आणि मूल एकदम तरतरीत दिसायला लागतं, असं आमच्या बालरोगतज्ज्ञांनी समजावलं होतं. मनूची ती 'मस्ती' म्हणजे हीच अवस्था. वर्गात दहा-बारा मुलं असताना हे टीचरच्या लक्षात यावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. त्यांना ते लिहूनच द्यायला हवं.

सुरुवातीची चिठ्ठी अशी होती:

'टीचर, मावशी, नमस्कार. मनू सकाळी साधारण सव्वासहाला उठते. उठल्यापासून साडेपाच तासांनी तिला झोप लागते. त्या दिवशी किती वाजता उठली ते आम्ही रोज सकाळी कळवू.

झोप यायला लागली की आधी ती खेळ सोडून एका जागी उभी राहते, कुठेतरी बघत बसते आणि उजवा कान चोळते. इथे तिला जेवायला दिलंत तर नीट जेवते आणि लगेच झोपते.

ही वेळ गेली की चालताना अडखळते, हातातली वस्तू टाकते, कडेवर घ्या म्हणते. आता जेवणाचा आग्रह नको. चार घास खाल्ले तरी चालेल, झोपू द्या.

त्याच्याही पुढे गेली तर पळत सुटते, मोठ्यांदा हसते, चावते. तेव्हा ती खूप दमलेली असते. कोपऱ्यात गोधडीवर घेऊन बसा, पाठीवरून हात फिरवा. दहा-पंधरा मिनिटं रडेल, मग झोपेल.

झोपून तासभर झाला की डोळे मिटलेलेच ठेवून कुरकुरते. दोन-तीन मिनिटं उचलू नका, बहुतेक वेळा परत झोपते. अडीचच्या पुढे झोपली तर उठवा. उठल्यावर पाव तास चिडलेली असते, तेव्हा लगेच खायला देऊ नका.'

बस, एवढंच. खाली आमचे दोघांचे फोन नंबर.

यात जांभई आणि डोळे चोळणं मुद्दाम लिहिलं नाही. जांभई मूल उठल्या उठल्याही देतं आणि कंटाळल्यावरही. वाळूत खेळून आलं की डोळे चोळतंच. आपल्या मुलाची जी खूण झोपेशिवाय सहसा दिसत नाही, तीच लिहावी. ती शोधायला आम्ही आठवडाभर घरी नुसतं बघत होतो: झोपेच्या आधीच्या तासात ती काय काय करते आणि कशाच्या मागून काय येतं. कान चोळण्याबद्दल मात्र एक जपावं लागतं. कान दुखत असेल तरी मूल तेच करतं. म्हणून सर्दी-ताप असेल त्या दिवशी आम्ही 'आज कानाची खूण धरू नका' असं वेगळं कळवतो.

आता काय चाललं आणि काय नाही.

सगळ्यात जास्त कामाला आलं ते चिठ्ठीतलं पहिलं वाक्य आणि त्यासोबतचा रोजचा एका ओळीचा निरोप. 'आज ६.१५' इतकाच. घड्याळातली ठरलेली वेळ देण्यापेक्षा 'उठल्यापासून साडेपाच तास' हे जास्त बरोबर बसतं, कारण उठायची वेळ रोज हलते. एकदा खोकल्यामुळे ती पहाटे पाचलाच उठून बसली. निरोप गेला 'आज ५.००, रात्री खोकला'. टीचरनी सव्वादहालाच तिचा डबा उघडला, वरणभात भरवला आणि साडेदहाच्या सुमाराला ती कोपऱ्यात झोपली ती सव्वाबारापर्यंत. इतर मुलं जेवायला बसली तेव्हा ही उठून त्यांच्यात परत काकडी खायला बसली. त्या दिवशी एकचीच वाट बघितली असती तर आठ तास जागरण झालं असतं.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे पायऱ्या. 'तिला लवकर झोप येते' असं सांगितलं की समोरचा 'बरं' म्हणतो आणि विसरतो. 'असं दिसलं तर हे करा' असं लिहिलं की करायला सोपं जातं. पहिल्याच आठवड्यात टीचर म्हणाल्या, 'ती कान धरते ते मी आधीपण पाहिलं होतं हो, पण मला वाटलं सवय आहे.' चावणं त्यानंतर जवळजवळ थांबलं. खेळणं हिसकावलं तर अजूनही चावते, ते वेगळं.

चिठ्ठी मराठीत लिहिली याचाही फायदा झाला. शाळेचा बाकी सगळा कारभार इंग्रजीत चालतो, डायरीही इंग्रजीतच. पण प्रत्यक्ष झोपवायचं काम मावशी करतात. टीचरनी चिठ्ठी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. दिवाळीनंतर आधीच्या मावशी सोडून गेल्या, नव्या आल्या, त्यांनी ती वाचून पहिल्याच दिवशी बरोबर केलं. तोंडी सांगितलेलं सगळं जुन्या मावशींबरोबर गेलं असतं.

जे चाललं नाही त्यात पहिलं म्हणजे घरची पद्धत. नवऱ्याचा आग्रह होता की अंगाई, थोपटणं, पडदे ओढून अंधार हे सगळं चिठ्ठीत यावं. मी अर्धवट मानलं आणि पुढच्या चिठ्ठीत थोपटायचं घातलं. एक मावशी आणि आठ झोपणारी मुलं, तिथे एकीला वीस मिनिटं कोण थोपटणार? गंमत म्हणजे मनू शाळेत न थोपटताच झोपायला लागली आणि घरी मात्र अजून थोपटून घेते. ती ओळ नंतर काढून टाकली. घरची गोधडी मात्र सोमवारी जाते, शुक्रवारी धुवायला येते, तेवढं पुरतं. तोंडावरून पांघरूण घ्यायचं नाही आणि झोपताना दुधाची बाटली तोंडात द्यायची नाही, हे आमच्याकडून वेगळं सांगून ठेवलं आहे. बाटलीने दात किडतात आणि काही घरी ती सवय असते, म्हणून मावशींना ते साहजिक वाटतं.

दुसरं, रिक्षा. हे आमच्या ध्यानीमनी नव्हतं. सकाळी घरून निघालो की कधी कधी ती रिक्षातच दहा मिनिटं डुलकी काढते. एवढ्याशा डुलकीने दुपारची झोप तासभर पुढे ढकलली जाते किंवा तुकडा पडतो, कारण साठत आलेली झोपेची ओढ तेवढ्यातही बरीच उतरते. त्या दिवशी टीचर साडेपाच तास धरून बसायच्या आणि ही गोधडीवर पडून छताकडे बघत राहायची. आता निरोपात तेही असतं: 'आज ६.३०, रिक्षात डुलकी'. म्हणजे खुणा बघा, घड्याळ नको.

टीचरनी चिठ्ठीत स्वतःची भर घातली, ती मला फार आवडली. पेनाने खाली लिहिलं आहे: 'झोप आली की चपलांच्या रॅककडे जाऊन स्वतःची चप्पल हातात घेते.' घरी आम्ही हे कधीच पाहिलं नव्हतं, कारण घरी निघून जायचा प्रश्नच नाही. शाळेतली ती सगळ्यात पक्की खूण निघाली, कानापेक्षाही आधी येते.

चिठ्ठी सगळ्यांना लागेलच असं नाही. मूल उशिरा उठणारं असेल आणि शाळेची झोप त्याच्या वेळेशी जुळत असेल तर गरज नाही. जिथे सगळ्या मुलांना एकाच वेळी झोपवण्यात जराही ढील चालत नाही, तिथे चिठ्ठी लिहूनही फार उपयोग नाही. आमच्या टीचरनी एका मुलीसाठी कोपरा मोकळा ठेवला, हे त्यांचं श्रेय. आधी ज्या पाळणाघरात चौकशी केली होती तिथे 'एकीला सवलत दिली की सगळे मागतात' असं स्पष्ट सांगितलं होतं. आणि हो, एका पानाच्या वर लिहू नका. एका ओळखीच्यांनी तीन पानं दिली होती, ती फाइलला लागली आणि तिथेच राहिली.

सध्याची चिठ्ठी तिसरी. मनू आता सव्वादोन वर्षांच्या पुढे आहे, सहा तास आरामात जागी राहते, म्हणून तिची वेळ शाळेच्या वेळेशी बऱ्यापैकी जुळली आहे. एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या झोपेची गरज वयाप्रमाणे हळूहळू कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019च्या मार्गदर्शक सूचनांत एक-दोन वर्षांसाठी दिवसाची मिळून 11 ते 14 तास आणि तीन-चार वर्षांसाठी 10 ते 13 तास असं दिलं आहे. त्यामुळे 'अडीचच्या पुढे उठवा'चं आम्ही 'दीड तासाने उठवा' केलं, नाहीतर रात्रीचे साडेनऊ वाजतात. नवी ओळ एकच: 'अर्ध्या तासात झोप लागली नाही तर जबरदस्ती नको, पुस्तक देऊन पडू द्या.' अधूनमधून असा दिवस येतोच. त्या दिवशी निरोप उलट दिशेने येतो, टीचर चार वाजता 'आज झोपली नाही' असं कळवतात आणि आम्ही सातलाच जेवण उरकून साडेसातला दिवे बंद करतो. फक्त चार ते साडेचारमध्ये रिक्षात तिला जागं ठेवायचं काम नवऱ्याकडे आहे. तो बाहेर दिसणाऱ्या प्रत्येक बसचा रंग विचारत आणतो.