फुल लॉकवर स्टिअरिंग जड होतं: सोलापुरात आठ महिने वापरल्यावर

मायलेज, बूट, एसी यावर सगळे लिहितातच. मी फक्त स्टिअरिंगवर लिहितोय, कारण त्यापायी २५ हजार जाता जाता वाचले.

आमचं घर बाळीवेस भागात, बोळातच. गाडी लावायची म्हणजे पूर्ण डावीकडे, मागे, पूर्ण उजवीकडे, पुढे, आणि पुन्हा तेच. मे महिन्यात भर दुपारी हे चाललं असताना स्टिअरिंग हळूहळू जड होत गेलं आणि स्क्रीनवर 'Steering assist reduced' आलं. गाडी कशीबशी लावली. संध्याकाळी काढली तर बोटाने फिरावं इतकं हलकं!

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी थंड गाडीला स्कॅनर लावला, काही सापडलं नाही, तरी "पूर्ण कॉलम बदलावा लागेल, मालक" म्हणत २५ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं. बिघाड सापडलेला नसताना पार्ट कसला बदलताय?

घरी येऊन मॅन्युअल काढलं. गाडी उभी असताना वारंवार स्टिअरिंग फिरवलं की यंत्रणा तापते आणि मदत कमी करते, हे त्यात सरळ लिहिलंय. कारणही साधं आहे. चाक शेवटपर्यंत वळून लॉकला टेकलं की स्टिअरिंगला मदत करणारी इलेक्ट्रिक मोटर पुढे फिरू शकत नाही, पण आपण स्टिअरिंग दाबून धरलेलं असतं, म्हणून करंट खातच राहते. हाताने अडवून धरलेल्या पंख्यासारखं. काम काहीच होत नाही, सगळी वीज उष्णता होते. आणि करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट. मोटर किंवा कंट्रोलर जळू नये म्हणून कंट्रोलर करंट उतरवतो. दांडा चाकांना थेट जोडलेला असल्यामुळे गाडी वळते, फक्त ताकद आपली लागते.

इथे माझा राग निम्मा उतरला. उरलेला पंक्चरवाल्या अण्णांनी वाढवला. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीच्या पुढच्या टायरांत हवा २६ निघाली, दारावरच्या स्टिकरवर ३३! हवा कमी म्हणजे रस्त्याला घासणारा भाग जास्त, आणि मोटरवर लोड जास्त.

आता हवा बरोबर ठेवतो, गाडी जराशी सरकत असतानाच स्टिअरिंग फिरवतो, आणि लॉकला टेकलं की केसभर मागे घेतो. उन्हाळा तोच, बोळ तोच, मेसेज पुन्हा आलेला नाही. तक्रार एकच: तो मेसेज 'तापलंय, थांबा' असं का सांगत नाही? खरा बिघाड झाला तरी माणसाला हेच वाचायला मिळणार.

तुमचं स्टिअरिंग सकाळी थंड गाडीतही जड असेल, एकाच बाजूला जड असेल किंवा स्टिअरिंगचा दिवा इंजिन पुन्हा चालू केल्यावरही जात नसेल, तर हे तापणं नव्हे. आधी बॅटरीचं व्होल्टेज तपासून घ्या, मग गाडी दाखवा.