फुटबॉल टीमच्या सरांना भेट काय द्यायची: सह्यांचा बॉल की कोल्हापुरी चप्पल?

टीममध्ये 18 पोरं, प्रत्येकी 50 रुपये, म्हणजे 900. वर्गणी एकानंच गोळा करावी आणि कुणी किती दिले ते ग्रुपवर टाकू नये.

चप्पल या पैशात साधीच येते, मापही चोरून काढावं लागतं. वर पाऊस तोंडावर. भिजलं की चामडं फुगतं.

बॉल स्वस्तात बसतो, पण खरी मेहनत सह्यांची. पांढरा, पाच नंबरचा घ्या. हवा भरून कापडानं पुसा, पक्क्या शाईच्या मार्करनं एकेका पोराला सही करू द्या. शाई वाळायच्या आत हात लागला की नाव फरकटतं. त्या बॉलनं खेळायचं मात्र नाही, सह्या जातात.

माप पक्कं ठाऊक असेल आणि सर चप्पल वापरत असतील तर चप्पल. लहान पोरांच्या टीमला बॉलच.