फ्रेंच गुणपत्रिकेचा अनुवाद: दोन देशांत काही महिने वापरल्यावर

फ्रान्समध्ये मास्टर केलं आणि परत आल्यावर ‘रलव्हे द नोत’ म्हणजे गुणपत्रिकेचा इंग्रजी अनुवाद दोनदा करून घेतला. पहिला इथल्याच एका एजन्सीकडून, दुसरा फ्रान्समधल्या अपील कोर्टाच्या यादीवरच्या शपथबद्ध अनुवादकाकडून. तिकडे त्याला ‘त्रादुक्तर आसेरमांते’ म्हणतात. दुसरा कागद आता बरेच महिने वापरते आहे. भारतीय विद्यापीठ संघाकडे, म्हणजे एआययूकडे, समकक्षतेसाठी दिला, पीएचडी प्रवेशाला जोडला आणि एका जर्मन विद्यापीठाच्या अर्जातही लावला. तिन्ही ठिकाणी प्रश्न भाषेचा कमी आणि आकड्यांचा जास्त निघाला, म्हणून हे सविस्तर लिहिते.

एजन्सीचं इंग्रजी चांगलं होतं. पण त्यांनी माझ्या सोयीसाठी म्हणे एक जादा रकाना घातला: टक्केवारी. प्रत्येक विषयाचे वीसपैकी गुण पाचाने गुणून पुढे छापलेले. पीएचडी विभागातल्या बाईंनी मूळ कागद आणि अनुवाद शेजारी ठेवले, बोट फिरवत खाली आल्या आणि म्हणाल्या, “मॅडम, हा कॉलम ओरिजिनलमध्ये कुठाय?” त्यांचं बरोबर होतं. अनुवादात मूळ कागदावर नसलेला आकडा आला की तो अनुवाद राहत नाही, आणि मग बाकीच्या ओळींवरही शंका घेतली जाते. शिवाय दशांशाचा स्वल्पविराम तसाच ठेवलेला. फ्रान्समध्ये १३.२७ हे १३,२७ असं लिहितात. आपल्याकडे ते तेरा आणि सत्तावीस असे दोन वेगळे गुण वाटतात, आणि तसं विचारणारे भेटलेही.

दुसऱ्या अनुवादकाने पानामागे पैसे घेतले, आणि ते कमी नव्हते. पण कागद हातात आल्यावर फरक दिसला. प्रत्येक पानावर शिक्का, सही आणि अनुवादाचा क्रमांक. मागे मूळ गुणपत्रिकेची प्रत जोडलेली आणि तिच्यावरही तोच क्रमांक. गुण वीसपैकीच, फक्त स्वल्पविरामाच्या जागी टिंब. कुठेही टक्के नाहीत. जिथे परक्या वाचकाला अडेल तिथे तळटीप, आणि ती अनुवादकाची आहे हे स्पष्ट लिहिलेलं.

यातली एक तळटीप सगळ्यात जास्त कामाला आली. माझ्या पहिल्या सेमिस्टरमध्ये संशोधनपद्धतीच्या युनिटला ९.२५ होते आणि समोर सहा क्रेडिट्स पूर्ण दिलेली. आपल्याकडचा कोणीही हे पाहून विचारणार की विषय सुटलाच नाही तर क्रेडिट कसं मिळालं? फ्रेंच विद्यापीठांत बऱ्याच ठिकाणी ‘कॉम्पान्सास्यों’ चालतं: सेमिस्टरची भारित सरासरी दहा किंवा वर असेल तर दहाखालचं युनिटही भरून निघतं आणि त्याची क्रेडिट्स मिळतात. कुठली युनिट्स एकमेकांना भरून काढतात ते त्या अभ्यासक्रमाच्या नियमात असतं. तळटिपेत एवढंच होतं, दोन वाक्यांत. एआययूच्या फाइलमध्ये त्यावर प्रश्न आला नाही. तुमच्या कागदावर `ABI` किंवा `AJ` असे कोड असतील तर तेही उलगडून घ्या. पहिला म्हणजे विनापरवानगी गैरहजर, दुसरा म्हणजे त्या सत्रात अनुत्तीर्ण. दुसऱ्या सत्रात, म्हणजे फेरपरीक्षेत पास झालेल्यांच्या कागदावर पहिल्या सत्राचा `AJ` बरेचदा तसाच दिसतो. तो उलगडला नाही तर वाचणारा तिथेच थांबतो.

आता मुख्य दुखणं, म्हणजे श्रेणी. फ्रान्समध्ये दहाला पास, बाराला ‘आसे ब्यँ’, चौदाला ‘ब्यँ’, सोळाला ‘त्रे ब्यँ’. अठरा मिळणारा मुलगा वर्गात क्वचितच असतो आणि वीस तर जवळपास कागदावरच असतात. माझी सरासरी १३.२७, वर्गात एकतीस जणांत सहावी. पाचाने गुणलं तर ६६.३५ टक्के. आपल्याकडे हा फर्स्ट क्लास असल्याने माझं काही अडलं नाही. पण माझा एक वर्गमित्र १०.९ वर पास झाला होता. त्याचे झाले ५४.५. नेटला सर्वसाधारण गटासाठी मास्टरला ५५ टक्के लागतात आणि तिथे पूर्णांकात वाढवून धरत नाहीत. म्हणजे फ्रान्समध्ये दहा ते अकराच्या दरम्यान नीट उत्तीर्ण झालेला माणूस पाचाने गुणणाऱ्या कार्यालयात अपात्र ठरतो, कधी अवघ्या अर्ध्या टक्क्यासाठी. आरक्षित गटांना ५० टक्के चालतात, म्हणून तिथे दहाही पुरतात. अनुवादक कितीही चांगला असला तरी यात काही करू शकत नाही, आणि त्याने करूही नये.

जर्मनीत हिशेब वेगळा. तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात:

```
x = 1 + 3 × (Nmax − Nd) / (Nmax − Nmin)
```

`Nmax` म्हणजे सर्वोच्च गुण २०, `Nmin` म्हणजे पासचे १०, `Nd` म्हणजे तुमचे. माझ्या बाबतीत १ + ३ × ६.७३ / १० = ३.०१९, म्हणजे जर्मन ३.०. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ कसाबसा पास. वर्गात सहावी आलेली मी तिकडे ‘समाधानकारक’ ठरले. सोळावाल्या ‘त्रे ब्यँ’ला सुद्धा २.२ येतात, म्हणजे ‘चांगला’. सूत्रात गणिती चूक नाही. ते वीस आणि जर्मन १.० सारखेच हाताशी आहेत असं धरून चालतं, आणि फ्रेंच प्राध्यापक मुळात वीस देतच नाहीत.

यावर जो कागद उपयोगी पडला तो अनुवादकाचा नव्हता. विद्यापीठाकडून मी डिप्लोमा सप्लिमेंट, म्हणजे पदवीची माहिती देणारी पुरवणी मागवली, फ्रेंचमध्ये ‘सुप्लेमाँ ओ दिप्लोम’. तिच्या ४.४ या कलमात श्रेणीपद्धती असते, आणि उपलब्ध असेल तर किती विद्यार्थ्यांना कुठल्या पट्ट्यात गुण पडले त्याचा तक्ताही. माझ्या विद्यापीठाने ती फ्रेंच-इंग्रजी अशी दोन्ही भाषांत दिली, त्यामुळे तिच्या अनुवादाचा खर्च वाचला. मोठा फायदा हा की श्रेणीचा अर्थ खुद्द पदवी देणारं विद्यापीठ सांगतं. अनुवादकाने ‘तेरा हे फ्रान्समध्ये चांगले समजतात’ असं लिहिलं तर ते त्याचं मत. विद्यापीठाने तक्ता दिला तर तो पुरावा. जर्मन अर्जात सूत्राचा ३.० बदलला नाही, पण निवड समितीपुढे तक्ता आणि वर्गातला क्रमांक दोन्ही गेले.

पदवीच्या नावातही ‘माँस्यों’ येतं आणि श्रेणीतही. पदवीतलं ‘माँस्यों’ म्हणजे विषय, गुणांसमोरचं म्हणजे दर्जा. एजन्सीने दोन्हीकडे ‘विशेष प्रावीण्य’ या अर्थाचा शब्द ठोकला होता. अनुवाद ताब्यात घेताना ही जागा आधी बघा.

एआययूचं प्रमाणपत्र मिळालं. त्यात माझी पदवी भारतातल्या मास्टरच्या समकक्ष असल्याचं आहे, टक्के नाहीत. टक्के पीएचडी विभागाने स्वतः काढले आणि फाइलमध्ये स्वतःच्या सहीने नोंदवले. पाचपैकी गुण द्यायचे तर शपथबद्ध अनुवादाला साडेचार, अर्धा किमतीचा कापला. फ्रान्स सोडायच्या आधी सप्लिमेंट हातात घेऊनच निघा. परत आल्यावर तिकडच्या परीक्षा विभागाला ईमेल करत बसण्यात माझा उन्हाळा गेला, कारण ऑगस्टमध्ये तिथे कोणी उत्तरच देत नाही.