फोनचा पोर्ट धडधाकट होता, १,८९९ मात्र गेले

२४९ केबलचे आणि १,६५० फोनचा ‘पोर्ट बदलण्याचे’. एकूण १,८९९. आणि पोर्ट मुळात बिघडलाच नव्हता.

नव्या केबलने फोन कॉम्प्युटरला जोडला की चार्ज व्हायचा, पण कॉम्प्युटरवर फोटो काही दिसायचे नाहीत. पाकिटावर ‘चार्जिंग आणि डेटा’ असं ठळक छापलेलं होतं. नव्याकोऱ्या केबलवर संशय कोण घेईल? मी फोन दुरुस्तीला नेला.

तिथे त्या माणसाने आधी स्वतःची केबल लावली आणि त्याच्या कॉम्प्युटरमधून नवं उपकरण जोडल्याचा आवाज आला. मी तो स्पष्ट ऐकला. माझ्याकडे तो एकदाही आला नव्हता. कॉम्प्युटरला उपकरण जोडलेलं कळतं तेव्हाच तो वाजतो, म्हणजे त्या पोर्टमधून डेटा जात होता. त्याने केबल लगेच ओढून काढली. म्हणाला, “पोर्ट गेलाय, बदलावा लागेल.” मी मान डोलावली. त्या आवाजाचा अर्थ तेव्हाच लागला असता तर १,६५० वाचले असते. पण हे काम रोज करणाऱ्यावर विश्वास ठेवला, यात माझं काय चुकलं?

घरी आलो तर पुन्हा तेच. शेवटी भाच्याने केबल कापली. आत दोनच तारा, लाल आणि काळी. त्या फक्त वीज नेतात. साध्या यूएसबी केबलमध्ये डेटासाठी आणखी दोन तारा लागतात, बहुधा हिरवी आणि पांढरी. त्या नव्हत्याच.

मग जुन्या फोनची केबल लावली. आवाज आला, पण फोटो नाहीतच! कारण अँड्रॉइड फोन जोडल्यावर आपणहून फक्त चार्जिंगवर राहतो. लॉक उघडून वरून सूचनांची पट्टी खाली ओढली, Charging this device via USB वर बोट ठेवलं, File transfer निवडलं आणि कॉम्प्युटरवर फोन दिसू लागला. केबल फक्त चार्जिंगची असेल तर ही सूचना येतच नाही. ती आली तर मोड बदला, नाही आली तर आधी केबल बदला. दुरुस्तीला नेण्यापूर्वी दुसऱ्या केबलने जोडून बघा.

विक्रेता म्हणतो, “चार्जिंग होतंय ना? मग केबल सदोष नाही.” ग्राहक तक्रार केंद्राने तीन आठवड्यांनी उत्तर दिलं, केबलमध्ये डेटाच्या तारा नाहीत याचा तज्ज्ञाचा दाखला आणा. कापलेल्या केबलचा फोटो पाठवला तर म्हणे, वस्तू ग्राहकानेच खराब केली, तक्रार बंद! न कापता आत दोनच तारा आहेत हे मी कसं दाखवायचं? दुरुस्तीची तक्रार तर नोंदवूनही घेतली नाही, कारण त्याने बिल दिलं नव्हतं. काढलेला जुना पोर्ट मागितला तर “फेकून दिला” म्हणाला. तुम्ही पैसे देण्याआधीच तो हातात मागून घ्या, आणि तक्रार निकाली निघेपर्यंत केबलला कात्री लावू नका.