दोन कॅमेरे, एक हायलाइट: रिझॉल्व्हमध्ये रंग जुळवण्याचा सीझनभराचा अनुभव

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला तेव्हापासून लग्नाचा प्रत्येक हायलाइट व्हिडिओ डाविंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत केलाय. माझ्याकडे सोनी ए-७ फोर, सेकंड शूटरकडे कॅनन आर-६ मार्क टू. तीन तासांच्या फुल फिल्ममध्ये दोन कॅमेऱ्यांतला फरक कुणाच्या डोळ्यावर येत नाही. हायलाइटमध्ये मात्र दोन-दोन सेकंदांचे कट असतात आणि नवरीचा चेहरा एका कटला पिवळट, पुढच्याला लालसर दिसला की घरचे लगेच विचारतात, ‘इथे मेकअप बदलला का?’

आधी मी दोन्ही क्लिपांवर वेगवेगळे LUT टाकून नजरेने जुळवायचो. आता प्रत्येक कॅमेऱ्याच्या क्लिपांचा वेगळा ग्रुप करतो आणि त्या ग्रुपच्या Pre-Clip मध्ये Color Space Transform लावतो. सोनीसाठी इनपुट S-Gamut3.Cine आणि S-Log3, कॅननसाठी Cinema Gamut आणि Canon Log 3. दोघांचं आउटपुट DaVinci Wide Gamut आणि DaVinci Intermediate. शेवटी टाइमलाइन पातळीवर एकच ट्रान्सफॉर्म, रेक ७०९ साठी. म्हणजे मधे जे काही करायचं ते दोन्ही कॅमेऱ्यांसाठी एकाच भाषेत होतं. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त काम उरकतं.

पण इनपुट बरोबर सांगितलं तरच. कॅननमध्ये सी-लॉग ३ चालू केल्यावर कलर स्पेस वेगळी निवडावी लागते आणि ती BT.709 वर राहिलेली असू शकते. अशा क्लिपला Cinema Gamut सांगितलं की रंग भडकतात: कुंकू कपाळावर पसरल्यासारखं दिसतं, गाल नारिंगी होतात आणि सॅच्युरेशन कितीही उतरवलं तरी चेहरा नीट बसत नाही. असं दिसलं की ग्रेड करत बसू नका, आधी इनपुट बदलून बघा. आता शूट सुरू व्हायच्या आधी सेकंड शूटरचा मेनू मी स्वतः उघडून बघतो. व्हाइट बॅलन्सही दोघांचा सारख्याच केल्विनवर लॉक करतो, उन्हात ५६००. ऑटोवर ठेवलं तर एकाच क्लिपमध्ये रंग सरकतो, मग जुळवायचं तरी कुठल्या फ्रेमशी?

उरलेला फरक प्रत्येक क्लिपवर काढावा लागतो. परवाच्या एका लग्नातली मंगलाष्टकं घ्या. सोनीच्या क्लिपचा स्टिल गॅलरीत घेतला आणि कॅननच्या क्लिपवर वाइप लावला. पांढऱ्याचा संदर्भ म्हणून अंतरपाटच डोळ्यासमोर होता, पण सोनीच्या बाजूने त्यावर समोरून उजेड पडत होता आणि कॅननच्या बाजूने तो कापडातून गाळून येत होता. तो धरून जुळवलं असतं तर चेहरे निळे पडले असते. म्हणून मामांची टोपी धरली. ती दोन्ही फ्रेममध्ये होती आणि एकाच उजेडात होती. आधी ऑफसेटने टोपीची उंची परेडवर सारखी केली, मग टेम्प आणि टिंटने तिच्यावरचे लाल, हिरवा, निळा एका रेषेत आणले. हा क्रम पाळा. एक्स्पोजर जुळायच्या आधी रंगाला हात लावला की सगळं दुसऱ्यांदा करावं लागतं.

एवढं झाल्यावर टोपी जुळली, पण शालूचा लाल अजून कॅननमध्ये किंचित केशरी होता. Hue Vs Hue मध्ये तेवढाच लाल अगदी थोडा सरकवला. जास्त ओढला असता तर ओठही सोबत गेले असते.

त्वचेसाठी व्हेक्टरस्कोपवरची स्किन टोनची रेष चांगली आहे, पण हळदीला तिचा उपयोग नाही. तोंडाला हळद लागलेली, वर पिवळा मांडव. चेहरा त्या रेषेवरून पिवळ्याकडे जाणारच. रेषेवर आणायला गेलात तर हळदीची गेरू होते. तिथे दोन्ही कॅमेऱ्यांचे चेहरे रेषेपासून सारख्याच अंतरावर आले की पुरे.

Shot Match to this Clip हा राइट-क्लिकचा पर्याय माझ्या कामात फारसा टिकला नाही. एका फ्रेममध्ये हिरवी पैठणी आणि दुसऱ्यात लाल गालिचा असला की तो त्या रंगांचाच हिशोब चेहऱ्यावर काढतो. फ्रेममध्ये तीच माणसं, तोच उजेड असेल तर सुरुवातीला ठीक आहे.

रिसेप्शनच्या गुलाबी-निळ्या एलईडीपुढे मात्र मी हात टेकलेत. एखादा चॅनेल क्लिप झाला की चेहऱ्यावरचा तपशीलच उरत नाही, मग जुळवणार काय? तिथे दोन कॅमेऱ्यांचे कट लागोपाठ लावत नाही, मधे दिव्यांचा किंवा टाळ्यांचा शॉट घालतो. शिवाय अंधारात दोघांचा नॉइज वेगळा दिसतो आणि रिझॉल्व्हचं नॉइज रिडक्शन मोफत आवृत्तीत नाही. रंग जुळवण्यासाठी मला रिझॉल्व्हच्या विकतच्या स्टुडिओ आवृत्तीची गरज एकदाही पडली नाही. पुढच्या सीझनला विकत घेतली तर ती या नॉइजसाठीच घेईन.