डिलीट कसं पोचवायचं: नऊ महिने, आधी फ्लॅग, मग की-लिस्ट

सांगलीत दाजींचं औषधांचं होलसेल दुकान आहे. बिलिंग दुकानातल्या मायएसक्यूएलवर चालतं आणि रिपोर्टसाठी मी क्लाउडवर एक छोटा पोस्टग्रेस घेतलाय. रात्री दोन वाजता माझी स्क्रिप्ट दिवसभराचे बदल तिकडे नेते. नव्या आणि बदललेल्या नोंदी `updated_at` बघून उचलता येतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. अडतं ते उडवलेल्या नोंदींवर, कारण जी ओळ टेबलात उरलीच नाही तिचा `updated_at` कुठून वाचणार?

जुलैत सुरुवात केली तेव्हा मी निश्चिंत होतो. बिलांच्या टेबलात `is_deleted` नावाचा रकाना आयता होता. बिल रद्द केलं की तिथे 1 येतो, `updated_at` हलतो आणि नोंद इतर बदलांसोबत आपोआप पुढे जाते. वेगळं काही करायला नको, नेटही खर्च होत नाही. तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर फ्लॅगला पाचपैकी पाच दिले असते.

सप्टेंबरात अकाउंटंट काकांचा फोन आला. "अरे, तुझ्या रिपोर्टातली विक्री माझ्या वहीपेक्षा जास्त येतीय. एवढा धंदा आपण कधी केला?" त्यांनी एक बिल काढून दिलं. मूळ बिलात तीन ओळी होत्या: 1,200, 850 आणि 640, एकूण 2,690. गिऱ्हाईकाने तिसरा माल परत केला म्हणून पोराने बिल एडिट केलं, ते झालं 2,050. माझ्या रिपोर्टात मात्र त्या बिलाखाली पाच ओळी आणि बेरीज 4,740!

झालं होतं असं. बिलाला फ्लॅग आहे, पण बिलातल्या ओळींच्या टेबलाला नाही. आणि हे सॉफ्टवेअर बिल एडिट करताना जुन्या सगळ्या ओळी खरोखरच्या `DELETE` ने उडवतं आणि नवे आयडी देऊन पुन्हा टाकतं. नव्या दोन ओळी माझ्याकडे आल्या, जुन्या तीन गेल्याचं कुणी सांगितलंच नाही. पुढचे दोन महिने मी या एडिट बटणाबद्दल घरी इतकं बोललो की ताईने जेवताना हा विषय बंद केला. पण मला खरंच पटत नाही. एक ओळ काढायची तर एकच काढा ना!

सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला. "सर, बिल डिलीट केलं की फ्लॅग बरोबर लागतो, आम्ही चेक केलंय." बरोबरच आहे, बिलाला लागतो. ओळींना फ्लॅग हवा तर कस्टमायझेशनचे वेगळे पैसे. मायएसक्यूएल प्रत्येक बदल जिथे लिहून ठेवतं तो बिनलॉग वाचू द्या म्हटलं, तर त्यालाही वार्षिक शुल्क. टेबलावर ट्रिगर टाकतो म्हटल्यावर सपोर्ट बंद करायची धमकी. ट्रिगर हातात आला असता तरी भरवसा नव्हता, कारण मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीच्या कॅस्केडने ओळी उडाल्या तर ट्रिगर चालतच नाही. थोडक्यात, फ्लॅग म्हणजे अ‍ॅप्लिकेशनने दिलेला शब्द. जो कोड तो शब्द पाळत नाही, त्याचे डिलीट तुम्हाला दिसणार नाहीत.

म्हणून ऑक्टोबरपासून की-लिस्ट. रोज रात्री मुख्य सिंक झाल्यावर ओळींच्या टेबलातले सगळे आयडी आणायचे, `src_keys` मध्ये ओतायचे आणि रिपोर्टात जे आहेत पण यादीत नाहीत ते गेले असं समजायचं. मला धास्ती खर्चाची होती. पण 31 लाख ओळी, प्रत्येक आयडीला आठेक बाइट, म्हणजे रात्रीला साधारण 25 एमबी. भाचा जेवताना याहून जास्त बघतो.

```sql
UPDATE rpt.bill_lines t
SET gone_seen_at = now()
WHERE t.gone_seen_at IS NULL
  AND NOT EXISTS (
    SELECT 1 FROM src_keys k WHERE k.id = t.id);
```

इथे `NOT IN` मुद्दाम टाळलंय. यादीत चुकून एक जरी `NULL` शिरला तर `NOT IN` एकही ओळ पकडत नाही आणि एररही देत नाही. क्रमही उलटा चालत नाही. आधी आयडी आणून मग सिंक केलं, तर मधल्या वेळात बनलेलं बिल रिपोर्टात असतं पण यादीत नसतं, आणि ताजी ओळ गेलेली ठरते.

पहिल्याच रात्री मागच्या सगळ्या भुतांचा हिशेब लागला. काकांची वही आणि रिपोर्ट रुपयाला रुपया जुळले. मी खूश, फ्लॅगला शिव्या.

नोव्हेंबरात माझी पाळी आली. आयडी मी पन्नास-पन्नास हजारांच्या तुकड्यांत चढत्या क्रमाने आणतो. एका रात्री 24 तुकडे आल्यावर दुकानातलं नेट गेलं. माझ्या `except` ने एरर गिळली, लूप संपला आणि 12 लाखांची यादी पूर्ण समजली गेली. उरलेल्या 19 लाख ओळी "गेल्या". सकाळी दाजींच्या मोबाइलवर जुनी वर्षं जागेवर, चालू वर्षाची विक्री शून्य. अर्धी यादी अशीच ओळखता येते: नवं ते सगळं गायब, जुनं शाबूत.

वाचलो ते एकाच कारणाने. ओळी मी खरोखर उडवल्या नव्हत्या, फक्त `gone_seen_at` भरला होता, त्यामुळे त्या रात्रीच्या खुणा एका `UPDATE` मध्ये पुसल्या. म्हणजे फ्लॅगवाल्या ज्या सॉफ्ट डिलीटला शिव्या घालत होतो त्यानेच तारलं, फरक एवढाच की तो आता माझ्या टेबलात होता. तेव्हापासून दोन अटी घातल्या. आलेल्या आयडींची संख्या आणि सर्वांत मोठा आयडी शेवटी मूळ टेबलाशी ताडायचा. आणि एका रात्रीत पाच हजारांहून जास्त ओळी गेलेल्या दिसल्या तर काहीही न करता मला मेसेज पाठवायचा. एरवी रोज दोन-तीनशे ओळी जातात.

हा मेसेज मार्चअखेरीला आला: चार लाख दहा हजार ओळी गायब. यादी पूर्ण होती, नेट ठीक होतं. चौकशी केल्यावर कळलं, सॉफ्टवेअरवाल्यांनी वर्षअखेरीची सफाई चालवून पाच वर्षांपूर्वीच्या ओळी वेगळ्या फाइलीत हलवल्या होत्या. की-लिस्टला "रद्द केली" आणि "माळ्यावर ठेवली" यातला फरक कळत नाही, तिला फक्त जागा रिकामी दिसते. काकांना तर त्या जुन्या ओळी रिपोर्टात हव्याच होत्या.

तेव्हा सध्याची मांडणी अशी आहे. बिलांसाठी त्यांचा `is_deleted` ठेवलाय, कारण बिल कधी रद्द झालं ते त्यातूनच कळतं. की-लिस्ट नुसती "आज नाही" एवढंच सांगते, वेळ आणि कारण तिच्याकडे नसतं. ओळींसाठी की-लिस्ट, तीही फक्त गेल्या दोन आर्थिक वर्षांपुरती. त्यामागचं आता तपासत नाही, त्यामुळे सफाई कितीही झाली तरी रिपोर्ट हलत नाही. यात एक भोक आहे: कुणी तीन वर्षांपूर्वीचं बिल आज एडिट केलं तर जुन्या ओळी पुन्हा दुप्पट दिसतील. दाजींना विचारलं, इतकं जुनं बिल कोण एडिट करतं? ते म्हणाले, "कुणी नाही." मग जरा थांबून, "काका करतात कधीकधी."