चाळीस जणांचे निरोपाचे जेवण: डायनिंग हॉल, केटरर की पार्टी हॉल?

निमसरकारी कार्यालयात निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी येते, आणि निरोपाच्या जेवणाची जबाबदारी त्याआधी पंधरा दिवस दोघा-तिघांवर येऊन पडते. पुण्यात अशा वेळी तीन पर्याय पुढे येतात. थाळीच्या डायनिंग हॉलमध्ये सर्वांनी जावे, केटररला कार्यालयात बोलवावे, किंवा एखाद्या हॉटेलचा पार्टी हॉल घेऊन बुफे ठेवावा. हॉटेलात बसून ज्याने त्याने मेनू पाहून मागवावे, हा चौथा मार्ग चाळीस जणांसाठी विचारात घेऊ नये. एकाची डाळखिचडी संपते तेव्हा दुसऱ्याचे सुरमई फ्राय यायचे असते, आणि शेवटचे बिल किती होईल हे आधी कोणालाही सांगता येत नाही.

तुलनेसाठी एक उदाहरण घेऊ. शिवाजीनगरमधल्या एका कार्यालयात चाळीस जण आहेत आणि त्यांतल्या हिशेब विभागातील एक बाई निवृत्त होत आहेत. वर्गणी माणशी ४०० रुपये ठरली आहे. बाईंकडून वर्गणी घ्यायची नसल्याने ती ३९ जणांकडूनच जमेल, म्हणजे हाती १५,६०० रुपये येतील. भेटवस्तूचा खर्च वेगळा आहे. बाईंबरोबर त्यांचे यजमान आणि दोन मुले येणार, त्यामुळे जेवणारे चाळीस नसून ४३ आहेत. जेवण कार्यालयातच असेल तर पहारेकरी आणि सफाई करणाऱ्या दोघी मावशी यांची पानेही धरायला हवीत, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर पंगत उठावी आणि त्यांना विचारले जाऊ नये हे शोभणारे नाही. तेव्हा तो आकडा ४६ होतो. पुढचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. आपल्याला मिळालेले दर त्यांच्या जागी घालून पाहावेत.

पहिला पर्याय डायनिंग हॉलचा. टिळक रस्ता, आपटे रस्ता, डेक्कन या भागांत अमर्याद थाळीची जुनी आणि चांगली ठिकाणे आहेत. तिथे पोळी तव्यावरून थेट पानात येते, वाढपी आग्रहाने वाढतात आणि जेवणानंतर आवरायचे काहीही नसते. थाळीचा दर ३४० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटी धरला, तर माणशी ३५७ रुपये पडतात आणि ४३ जणांचे १५,३५१ रुपये होतात. रक्कम वर्गणीत बसते खरी, परंतु उरतात अवघे २४९ रुपये. एका रिक्षात तीनच प्रवासी बसतात, त्यामुळे ज्यांच्याकडे वाहन नाही त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च या हिशेबाबाहेर राहतो. अमर्याद थाळीचा दर दोन पोळ्या खाणाऱ्याला आणि सात खाणाऱ्याला सारखाच असतो, आणि वय झालेल्या, पथ्य सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांच्या बाबतीत ते पैसे पानात दिसत नाहीत.

तरीही या पर्यायाची खरी अडचण पैशाची नाही. दुपारी दीड वाजता दारात लोक वाट पाहत उभे असताना निरोपाची भाषणे होऊ शकत नाहीत. चाळीस जणांना एकत्र जागा मिळेलच असेही नसते, त्यामुळे बाई एका टेबलावर आणि ज्यांच्याबरोबर त्यांनी वीस-वीस वर्षे काम केले ते सहकारी दोन खांबांपलीकडे, अशी विभागणी होते. डायनिंग हॉल निवडायचाच असेल तर भाषणे, शाल आणि श्रीफळ हा कार्यक्रम आधी कार्यालयात उरकून घ्यावा, साडेबाराच्या आत पोहोचावे आणि रविवार टाळावा.

दुसरा पर्याय केटररचा, आणि मिश्र आवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथेच सोडवता येतो. चाळीस जणांमध्ये मांसाहारी बरेच असतात, पण शाकाहारी जेवणावर त्यांचे पोट भरते. उलट बाजूने तसे होत नाही. म्हणून संपूर्ण जेवण शाकाहारी ठेवावे आणि मांसाहाराचा एकच पदार्थ, उदाहरणार्थ चिकन सुके, वेगळ्या टेबलावर वेगळ्या पळीने ठेवावा. तो शाकाहारी केटररकडून मागू नये, दुसरीकडून किलोच्या भावाने घ्यावा. भाव विचारताना तो कच्च्या चिकनच्या किलोचा आहे की शिजवून तयार झालेल्या किलोचा, हे स्पष्ट करून घ्यावे, कारण दोन्हींत बराच फरक पडतो. हाडासकट कच्चे साडेतीन किलो चिकन अठरा जणांना पुरते. अर्थात श्रावणात किंवा बाईंना स्वतःला चालणार नसेल तर हा पदार्थ सरळ वगळावा. त्यांच्या निरोपाच्या दिवशी त्यांनाच वास नकोसा होणे बरे दिसत नाही.

जैन सहकाऱ्यांचा विचार बहुधा ‘त्यांच्यासाठी वेगळा डबा’ असा केला जातो, आणि तो वेगळा डबा घेऊन ते कोपऱ्यात बसतात. त्यापेक्षा एक भाजी आणि वरण सर्वांसाठीच कांदा, लसूण, आले आणि बटाटा न घालता करायला सांगावे. चणाडाळ घातलेली दुधीची भाजी आणि हिंग-जिऱ्याच्या फोडणीचे वरण तसे करूनही रुचकर लागते. दुसरी भाजी, समजा मटकीची उसळ, नेहमीच्या पद्धतीने करावी. महिन्याचा शेवटचा दिवस गुरुवारी, श्रावणी सोमवारी किंवा संकष्टीला येतो का, हे कॅलेंडरवर आधीच पाहावे. तसे असेल तर उपवासाच्या माणसांची संख्या विचारून तेवढी साबुदाण्याची खिचडी वेगळी सांगावी, आणि ती शेंगदाण्याच्या कुटातल्या काकडीच्या कोशिंबिरीबरोबर द्यावी.

कार्यालयात जेवण आणताना पदार्थ कोणते निवडले यावर सगळे अवलंबून असते, कारण बहुतेक इमारतींत शेगडी लावू देत नाहीत आणि अन्न उष्णतारोधक डब्यांतून येते. त्यात तास-दीड तास राहिलेली पुरी मऊ पडते, भजी ओलसर होतात आणि जिलेबीचा कुरकुरीतपणा जातो. पुरीच्या जागी कापडात गुंडाळलेल्या घडीच्या पोळ्या, भज्यांच्या जागी गार झाल्यावरही चांगली लागणारी कोथिंबीर वडी किंवा अळूवडी, आणि जिलेबीच्या जागी श्रीखंड किंवा गुलाबजाम घ्यावेत. मसालेभात मात्र अशा डब्यात मुरून अधिकच चांगला होतो, फक्त तांदूळ जास्त शिजलेला नसावा. ४६ जणांसाठी मसालेभाताला तीन किलो आणि साध्या भाताला दीड किलो तांदूळ, १४० पोळ्या, साडेतीन किलो श्रीखंड आणि नऊ लिटर मठ्ठा पुरेसा होतो. केटररने यापेक्षा फार वेगळे आकडे सांगितले तर कारण विचारावे. शिजवल्यानंतर दोन तासांच्या आत जेवण सुरू व्हावे, म्हणून अन्न एक वाजता पोहोचवण्यास सांगून भाषणे त्याआधी ठेवावीत. भाषणे लांबली तर अन्नाची वाट लागते, ही गोष्ट सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवावी.

आता हिशेब. पानाचा दर २४० रुपये धरला तर ४६ पानांचे ११,०४० रुपये होतात आणि ५ टक्के जीएसटीसह ११,५९२. चिकन ६०० रुपये किलोने साडेतीन किलो, म्हणजे २,१०० रुपये. दोन वाढपी प्रत्येकी ६०० रुपयांनी घेतले तर १,२०० रुपये. एकूण १४,८९२ रुपये होतात आणि ७०८ रुपये शिल्लक राहतात, त्यांतून पाण्याचे जार, कचऱ्याच्या पिशव्या आणि हार येतो. वाढप्यांचे पैसे वाचवण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्यांच्याविना दोन शिपाई आणि तीन-चार बायका स्वतः न जेवता वाढत राहतात. टेबल भिंतीला लावले तर एकाच बाजूने रांग लागते, आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट धरले तरी शेवटच्या माणसाला वीस-बावीस मिनिटे उभे राहावे लागते. तेच टेबल मध्यभागी ठेवून दोन्ही बाजूंनी वाढले की हा वेळ निम्मा होतो.

केटररच्या पर्यायाची मर्यादा जागेची आहे. चाळीस खुर्च्या मावतील अशी खोली, हात धुण्याची सोय आणि सांडपाण्याची व्यवस्था नसेल तर चांगले अन्नसुद्धा ताटकळत खावे लागते. केटररकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांक आहे का, हेही पाहावे.

पार्टी हॉल सर्वांत सोयीचा आहे. तिथे माइक मिळतो, एसी असतो, शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही पदार्थ एकाच ठिकाणी असतात आणि भाषणांना वेळ मिळतो. परंतु दर ४५० रुपये धरला तर जीएसटीसह ४७२ रुपये ५० पैसे पडतात आणि ४३ जणांचे सुमारे २०,३१८ रुपये होतात. वर्गणी माणशी ५२१ रुपयांवर जाते, आणि कंत्राटी कर्मचाऱ्याला ही रक्कम जड जाते हे तो बोलून दाखवत नाही. हॉटेलवाले किमान संख्येची हमी मागतात, म्हणजे ४३ सांगून ३६ आले तरी पैसे ४३ जणांचेच द्यावे लागतात. बिलात सेवाशुल्क आपोआप लावलेले आढळले तर ते काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ती कायम ठेवली आहेत.

हमीचा प्रश्न केटररकडेही असतो, पण तिथे तो हाताळता येतो. उपस्थिती ऐन वेळी घटते, कोणी दौऱ्यावर जाते, कोणी रजा टाकते. म्हणून ४६ जणांची यादी असली तरी हमी ४२ पानांची द्यावी, अंतिम आकडा दोन दिवस आधी कळवण्याची मुभा घ्यावी आणि वाढीव चार पाने त्याच दराने मिळतील असे लिहून घ्यावे. आगाऊ रक्कम निम्म्याहून जास्त देऊ नये.

कार्यालयात पुरेशी जागा असेल तर माझे मत निःसंशय केटररच्या बाजूने आहे, कारण वर्गणी न वाढवता सर्वांच्या आवडी आणि पथ्ये एका खोलीत सांभाळण्याची सोय त्यातच आहे. जागा नसेल आणि मांसाहाराचा आग्रह नसेल, तर कार्यक्रम आधी उरकून डायनिंग हॉल गाठावा. पार्टी हॉल तेव्हाच घ्यावा जेव्हा कार्यालयाच्या कल्याण निधीतून निदान पाच हजार रुपये मिळत असतील, किंवा अधिकाऱ्यांनी जास्त आणि शिपाई व कंत्राटी कर्मचाऱ्यांनी कमी अशी चढत्या श्रेणीची वर्गणी सर्वांना मान्य असेल.